घटस्फोटानंतरचे वाचन: कोणते पुस्तक, कधी
(आमच्या वाचनालयाच्या सभासदांसाठी माहितीपत्रक)

वेगळे झाल्यानंतर वाचायला काही आहे का, असे विचारायला येणारे सभासद सहसा काउंटरवर गर्दी नसताना येतात. बरेच जण पुस्तक स्वतःसाठी नाही, बहिणीसाठी किंवा मित्रासाठी हवे आहे असे सांगतात. कोणासाठी, हे आम्ही विचारत नाही. एकच विचारतो: वेगळे होऊन किती दिवस झाले? तीन आठवडे झालेल्या माणसाला आणि तीन वर्षे झालेल्या माणसाला एकच पुस्तक देऊन चालत नाही.

सगळ्यात जास्त मागणी असते ती समोरच्या माणसाची चिरफाड करणाऱ्या पुस्तकांना. तो असा का वागला, तिच्या स्वभावात काय दोष होता, आत्मकेंद्री जोडीदार कसा ओळखावा, वगैरे. अशी पुस्तके आमच्याकडे आहेत आणि मागितली तर देतोही. पहिल्या महिन्यात त्यांनी थोडा दिलासाही मिळतो, कारण आपल्याला भास होत नव्हते एवढे तरी कळते. पण तीच वाचत राहिलात तर रोज रात्री त्याच माणसाबरोबर बसल्यासारखे होते. ओळखायची खूण सोपी आहे. पुस्तक मिटल्यावर डोक्यात तुमचा उद्याचा दिवस येतो, की त्याला ऐकवायचे राहून गेलेले वाक्य? दर वेळी वाक्यच येत असेल, तर पुस्तक परत करा आणि दुसरे न्या.

सुरुवातीला आम्ही बहुधा ब्रूस फिशर यांचे 'रीबिल्डिंग' सुचवतो. फिशर अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधले समुपदेशक होते. घटस्फोटितांचे वर्ग घेता घेता त्यांच्या लक्षात आलेल्या गोष्टी या पुस्तकात आहेत. नाकारणे, भीती, एकटेपणा, अपराधीपणा, शोक, राग, सोडून देणे अशा 19 टप्प्यांची त्यांनी मांडणी केली आहे. टप्पे पाठ करायची गरज नाही, आणि ते याच क्रमाने येतील असेही नाही. आमच्या मते या पुस्तकातला सगळ्यात उपयोगी भाग म्हणजे सोडून जाणारा आणि सोडला गेलेला यांच्यातल्या वेळेच्या फरकाचा. जो निर्णय घेतो त्याचे रडणे बरेचसे निर्णयाआधीच उरकलेले असते. दोन-दोन वर्षे तो मनातल्या मनात घर सोडत असतो. दुसऱ्याला मात्र ते एका संध्याकाळी कळते आणि त्याचा शोक त्या दिवशी सुरू होतो. म्हणून सहा महिन्यांनी एक जण हसत फिरताना दिसतो आणि दुसऱ्याला वाटते, याला काहीच वाटले नाही, म्हणजे सगळे खोटेच होते. मनातली अढी इथे पक्की होते. फिशरांचे म्हणणे असे की दोघांची घड्याळे वेगळ्या वेळी सुरू झाली आहेत. पटायला जड जाते, पण एवढे एक प्रकरण वाचून पुस्तक परत केले तरी चालेल. पुस्तक अमेरिकेतले असल्यामुळे त्यात 'लोक काय म्हणतील' फारसे नाही आणि लग्नघरी आत्याने सगळ्यांसमोर विचारलेला प्रश्नही नाही. तेवढे आपले आपण भरून घ्यायचे.

पहिला भर ओसरला की फ्रेड लस्किन यांचे 'फरगिव्ह फॉर गुड' (2002). लस्किन स्टॅनफर्ड विद्यापीठात क्षमेवर काम करत. उत्तर आयर्लंडमधल्या हिंसाचारात मुले गमावलेल्या आयांबरोबरही त्यांनी हे काम केले. नाव वाचून अनेक जण पुस्तक खाली ठेवतात: 'माफ कशाला करू?' पण लस्किन यांच्या लेखी क्षमा म्हणजे पुन्हा एकत्र येणे नव्हे. झाले ते ठीक झाले असे म्हणणे नव्हे आणि पोटगीचा हक्क सोडणे तर नव्हेच. त्यांचा मुद्दा व्यावहारिक आहे. आपण दुसऱ्यासाठी काही नियम करून ठेवतो, पण ते त्याच्याकडून पाळून घेण्याचा अधिकार आपल्या हातात नसतो. नियम मोडत राहतो आणि आपण जळत राहतो.

हे प्रत्यक्षात कसे दिसते? एक उदाहरण देतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. चाळिशीतल्या एक सभासद. नवरा दुसरीकडे राहायला गेलेला, मुलगा आठ वर्षांचा. दर पंधरवड्याने शनिवारी सकाळी दहाला वडिलांनी मुलाला न्यायचे, असे ठरलेले. ते अकराला येत, कधी साडेअकराला. बाईंचा शुक्रवार रात्रीपासूनच बिघडायचा. त्यांनी वहीत आपले नियम लिहिले: त्याने वेळेवर यायलाच हवे. त्याने एकदा तरी चुकलो म्हणायलाच हवे. त्याच्या आईने मला फोन करायला हवा होता. प्रत्येक नियमापुढे त्यांनी एकच प्रश्न लिहिला: हे माझ्या हातात आहे का? तिन्ही ठिकाणी 'नाही'. मग तेच वाक्य इच्छा म्हणून लिहिले: 'तो वेळेवर आला तर बरे होईल. नाही आला तर मुलगा चपला घालून दारात ताटकळणार नाही; आमचा नाश्ता आणि चित्रकला चालू राहील, बेल वाजली की तो निघेल.' नवरा त्यानंतरही उशिराच येत होता. त्यांचा शुक्रवार मात्र सुटला. माफीची वाट पाहणे सुटायला बरेच जास्त दिवस लागले, हेही सांगायला हवे.

ज्यांना हाच विचार मराठीतून हवा आहे, त्यांनी डॉ. अंजली जोशी यांचे 'मी अल्बर्ट एलिस' घ्यावे. एलिस हे विवेकनिष्ठ मानसोपचाराचे जनक. 'असेच व्हायला हवे' हा हट्ट आणि 'असे झाले तर बरे' ही इच्छा यांतला फरक त्यांनी आयुष्यभर मांडला. त्यांचे आयुष्य कादंबरीच्या अंगाने सांगितलेले असल्यामुळे स्वमदतीच्या पुस्तकांचा कंटाळा असलेलेही ते वाचतात.

मुले असतील तर इसोलिना रिची यांचे 'मॉम्स हाउस, डॅड्स हाउस' (1980) जवळ असू द्या. पुस्तक जुने आहे आणि त्यातला कायदा अमेरिकेचा आहे. ती पाने सोडून द्या. घ्यायचा तो मुख्य विचार: पती-पत्नीची जवळीक संपली की दोघांनी एकमेकांशी व्यवहारातल्या भागीदारांसारखे वागायचे. वेळ ठरवून बोलायचे, गृहीत काही धरायचे नाही, ठरले ते लिहून ठेवायचे, सूर सभ्य ठेवायचा. वरच्या बाईंचा मूळ मेसेज असा होता: 'नेहमीप्रमाणे तुला मुलाची पडलेली नाही. निदान या वेळी तरी लाज बाळग.' पाठवला तो असा: 'शनिवारी दहाला तो तयार असेल. साडेदहापर्यंत निघणार नसाल तर कळवा, म्हणजे मी त्याला क्लासला सोडेन. रविवारी सहाला परत.' पहिल्या मेसेजवर भांडण ठरलेले होते. दुसऱ्यावर 'ओके' आले. आणि असा मेसेज उद्या वकिलाने वाचला तरी मान खाली घालावी लागत नाही.

आता वहीत लिहिण्याबद्दल. मनातले कागदावर उतरवा, मोकळे वाटेल, असा सल्ला सर्रास दिला जातो. त्याचे मूळ जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगांत आहे: सलग तीन-चार दिवस, रोज पंधरा-वीस मिनिटे, मनातले सगळ्यात खोल ते लिहायचे आणि थांबायचे. त्यांचे 'ओपनिंग अप' आमच्याकडे आहे. पण घटस्फोटाच्या बाबतीत एक इशारा आहे आणि तो बहुतेक पुस्तकांत सापडत नाही. अ‍ॅरिझोना विद्यापीठातल्या डेव्हिड स्बारा आणि सहकाऱ्यांनी नुकतेच वेगळे झालेल्या 90 जणांवर असाच प्रयोग केला. तो 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना भावना लिहायला सांगितल्या, तर काहींना दिवस कसा घालवला एवढेच कोरडेपणाने. सुमारे आठ महिन्यांनी पाहिले तेव्हा जे मुळात तेच तेच उगाळणारे होते, त्यांच्यात भावना लिहिणाऱ्यांपेक्षा कोरडे लिहिणारे बऱ्या अवस्थेत होते. म्हणजे 'असे का झाले' याचा अर्थ रात्रंदिवस शोधणाऱ्याच्या हाती वही दिली, तर तो तिथेही तेच दळण दळतो. तुम्ही त्यांतले असाल तर आमची भावनांची डायरी नेऊ नका. साधी दैनंदिनी घ्या: किती वाजता उठलो, काय शिजवले, कोणाला फोन केला, उद्या बँकेत काय काम आहे. आणि तुम्ही त्यांतले आहात की नाही, हे पाहायला आठवड्याभराची पाने सलग वाचा. तीच घटना त्याच शब्दांत तिसऱ्यांदा आली असेल, तर उत्तर मिळाले.

मराठीतली आत्मचरित्रे हवीत असेही काही जण म्हणतात. मल्लिका अमर शेख यांचे 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' (1984) जबरदस्त पुस्तक आहे, पण त्यातला संताप धगधगता आहे. पहिले वर्षभर ते बाजूला ठेवावे असे आमचे मत. मतच आहे, नियम नाही. त्याऐवजी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' घ्या. ही घटस्फोटाची कथा नाही, आणि टिळक दांपत्य पुढे पुन्हा एकत्र आले, म्हणून तुमचेही तसे होईल या आशेने ती वाचू नका. नारायण वामन टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले आणि लहानग्या दत्तूला घेऊन लक्ष्मीबाई काही वर्षे नवऱ्यापासून दूर, नातेवाइकांच्या आधाराने राहिल्या. चारचौघांतली लाज, पदरातले मूल, लोकांचे सल्ले, पुढे काय या प्रश्नाची धास्ती, हे सगळे त्यात आहे. पण नवऱ्याच्या तापट आणि विसराळू स्वभावाबद्दल त्या सांगतात तेव्हा वाचणारा हसतो. स्वतःलाही त्या सोडत नाहीत. वडिलांचे सोवळ्याचे वेडसुद्धा त्यांनी याच सुरात रंगवले आहे. मात्र एक लक्षात घ्या: हे पुस्तक भागांभागांनी बाहेर आले ते 1934 पासून, म्हणजे त्या ताटातुटीनंतर जवळपास चाळीस वर्षांनी. तो सूर तुम्हाला सहा महिन्यांत जमला नाही, तर त्यात तुमचे काही चुकत नाही.

ही पुस्तके कुठे उपयोगाची नाहीत तेही सांगतो. मारहाण, धमक्या किंवा पाठलाग चालू असेल, तर क्षमेचे पुस्तक आज नको. आधी सुरक्षितता. महिलांसाठी 181 हा क्रमांक आहे. दोन आठवड्यांहून जास्त झोप नाही, जेवण जात नाही, कामावर जाणे होत नाही किंवा जगणे नको वाटते, असे असेल तर वाचनावर थांबू नका. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि मराठीतही बोलता येते. आणि खटला चालू असताना पुस्तकातला कायदा वापरू नका. तेवढ्यासाठी वकीलच हवा.

व्यवस्थेबद्दल थोडे. या विषयाची पुस्तके आम्ही मागितल्यास खाकी कव्हर घालून देतो. तुमच्या नावावर कोणते पुस्तक आहे हे घरच्या दुसऱ्या सभासदालाही सांगत नाही, आणि मुदत संपल्याचा मेसेज पुस्तकाचे नाव न घालता पाठवतो. या पुस्तकांना उशिराचा दंड नाही. इंग्रजी पुस्तक जड वाटत असेल तर कोणती प्रकरणे आधी वाचावीत, याची मराठी चिठ्ठी पुस्तकात ठेवलेली असते. ती चिठ्ठी मात्र परत करताना पुस्तकातच राहू द्या. पुढच्या माणसाला लागते.