नळीसोबतच्या कागदावरील इशारा कुठून आला

पाळी गेल्यानंतरच्या कोरडेपणासाठी आणि लघवीच्या त्रासासाठी दिले जाणारे इस्ट्रोजेनचे योनीमार्गातील मलम नाशिकमध्ये अनेक घरांत न वापरताच कपाटात पडून राहते, कारण खोक्यातील घडी घातलेल्या कागदावर कर्करोग, पक्षाघात आणि रक्ताच्या गुठळ्या हे शब्द वाचायला मिळतात.

त्या शब्दांचे मूळ 2002 मध्ये आहे. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिनची एकत्रित गोळी रोज पोटातून घेणाऱ्या अमेरिकी स्त्रियांवरचा एक मोठा अभ्यास त्या वर्षी मुदतीआधी थांबवण्यात आला, कारण स्तनाच्या कर्करोगाचे आणि पक्षाघाताचे प्रमाण वाढलेले दिसले. सहभागी स्त्रियांचे सरासरी वय 63 होते आणि मलमाची तपासणी त्यात झालीच नव्हती. तरीही 2003 मध्ये तिथल्या औषध नियामकाने तोच इशारा इस्ट्रोजेनच्या सर्व उत्पादनांवर, मलमावरही, छापायला लावला. सावधगिरी म्हणून हे समजण्यासारखे असले, तरी औषध कोणत्या वाटेने आणि किती मात्रेत शरीरात जाते हा प्रश्न त्यात पुसला गेला. योनीमार्गातील 10 मायक्रोग्रॅमच्या गोळीचेच उदाहरण घेतले, तर वर्षभरात जेमतेम 1 मिलिग्रॅमच्या आसपास इस्ट्रोजेन वापरले जाते. पोटातून घ्यायच्या एका नेहमीच्या गोळीत तेवढे एका दिवसात असते. 2018 मध्ये त्याच मोठ्या अभ्यासाच्या निरीक्षणगटात योनीमार्गातील इस्ट्रोजेन वापरणाऱ्या स्त्रियांना स्तनाच्या किंवा गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढलेला आढळला नाही. अमेरिकेत तो इशारा काढण्याचा निर्णय जाहीर व्हायला 2025 चा नोव्हेंबर उजाडला.

समजा, पंचवटीतील 58 वर्षांच्या एका बाईंना वर्षात तीनदा लघवीत जंतुसंसर्ग झाला आणि दर वेळी प्रतिजैविकाने तेवढ्यापुरते बरे वाटले. इस्ट्रोजेन घटल्यावर योनीमार्गातील आम्लता आणि ती टिकवणारे उपकारक जिवाणू कमी होतात, आणि आतड्यातले जंतू मूत्रमार्गापर्यंत सहज पोहोचतात. अशा वेळी एस्ट्रिऑल या इस्ट्रोजेनच्याच एका प्रकाराचे मलम सहसा दोन-तीन आठवडे रोज रात्री 0.5 ग्रॅम, म्हणजे मापनळीच्या खुणेपर्यंत, आणि पुढे आठवड्यातून दोनदा लावतात. सुरुवातीला पातळ झालेल्या त्वचेतून औषध थोडे जास्त शोषले जाते. ती भरून आल्यावर हे प्रमाण उतरते. फरक जाणवायला दोन-तीन महिने लागू शकतात, आणि बरे वाटले म्हणून मलम बंद केले की त्रास हळूहळू परततो. अनेक जणी नेमक्या इथेच फसतात.

पाळी गेल्यानंतर रक्त दिसले, तर मलम सुरू असो वा नसो, तपासणी आधी करावी लागते. स्तनाच्या कर्करोगानंतर अरोमॅटेज रोखणाऱ्या गोळ्या सुरू असतील, तर मात्र कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय मलम लावू नये, कारण त्या गोळ्यांचे काम शरीरातील इस्ट्रोजेन जवळपास शून्यावर आणण्याचे असते.