सबस्क्रिप्शन बिलिंग (मासिक वर्गणी आकारणी)

ग्राहकाकडून एकदा संमती घेऊन दर महिन्याला ठरलेल्या तारखेला पैसे आपोआप कापून घेण्याची पद्धत. महिना सुरळीत चालला तर यात समजण्यासारखे फारसे नाही. खरा हिशेब लागतो तो महिन्याच्या मध्येच प्लॅन बदलला की.

सावद्याच्या एका केळी व्यापाऱ्याचे उदाहरण घेऊ. गाड्या भरल्याचा हिशेब ठेवण्यासाठी त्याने ६०० रुपये महिन्याचे सॉफ्टवेअर घेतले आहे आणि पैसे दर १ तारखेला यूपीआय ऑटोपेने कापले जातात. हंगामात माणसे वाढली, म्हणून २१ एप्रिलच्या पहाटे दोन वाजता, गाडी रवाना करून, त्याने १,२०० रुपयांचा प्लॅन घेतला. एप्रिलचे १० दिवस उरले आहेत. जुन्या प्लॅनचे न वापरलेले २०० रुपये त्याच्या नावे जमा होतात, नव्या प्लॅनचे १० दिवसांचे ४०० होतात, म्हणजे देणे २०० रुपये. दिवसांच्या प्रमाणात केलेल्या या आकारणीला प्रोरेशन म्हणतात. बिलावर जमा आणि नावे अशा दोन्ही ओळी दाखवाव्यात; नुसता २०० चा आकडा पाहून ग्राहकाला काहीच उलगडत नाही. सर्व्हरचे घड्याळ भारताच्या मागे असलेल्या यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर असेल तर तेव्हा तिथे २० तारीखच असते. मग ११ दिवस धरले जातात आणि बिल २२० रुपयांचे निघते. अशी चूक रात्रीच्या व्यवहारांतच दिसते, त्यामुळे ती लवकर सापडत नाही.

पुढची अडचण १ मे रोजी येते. ऑटोपेची संमती देताना कमाल रकमेची मर्यादा ठरते. व्यापाऱ्याने ती १,००० ठेवली असेल, तर १,२०० रुपयांचा नूतनीकरणाचा व्यवहार नाकारला जाणारच. खात्यात भरपूर पैसे असूनही सेवा बंद पडते आणि ग्राहकाचे चिडणे रास्त असते. इथे पुन्हा पुन्हा प्रयत्न करून उपयोग नाही. नवी संमतीच घ्यावी लागते आणि ती प्लॅन बदलतानाच घेणे योग्य.

म्हणून पुनर्प्रयत्नाआधी नकाराचे कारण वाचावे. शिल्लक कमी असेल तर एक-दोन दिवसांनी पुन्हा मागणी करण्यात अर्थ आहे; आडतीचे पैसे जमा झाले की ती वसूल होते. बँकेकडून उत्तरच आले नसेल तर आधी त्याच व्यवहाराची स्थिती तपासावी, नाहीतर एकाच महिन्याचे पैसे दोनदा कापले जातात. यूपीआय ऑटोपेत पहिल्या प्रयत्नानंतर आणखी तीनच प्रयत्नांची मुभा आहे, त्यामुळे ते एकाच सकाळी संपवू नयेत.

वसुली ४ मे रोजी झाली तरी पुढची तारीख १ जूनच राहते. मधले तीन दिवस सेवा चालू ठेवली असेल तर ते त्याच महिन्यात मोजले जातात. सेवा बंद ठेवली असेल, तर ३१ दिवसांच्या मे महिन्यातल्या त्या दिवसांचे सुमारे ११६ रुपये सोडून द्यावेत.