धास्ती की आजार? घटस्फोटानंतरच्या नव्या नात्यातील ताठरतेची अडचण

घटस्फोटानंतर काही वर्षे एकटा राहिलेला चाळिशीतला पुरुष नव्या नात्यात येतो आणि पहिल्याच जवळिकीच्या वेळी लिंगाला ताठरता येत नाही, किंवा येते आणि ऐनवेळी निघून जाते. आपल्यात दोष आहे आणि तो कायमचा आहे, असा निष्कर्ष तो त्याच रात्री काढतो. प्रत्यक्षात या एका अनुभवामागे दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. एक म्हणजे अनोळखी जोडीदारासमोर आपण कमी पडू ही धास्ती, आणि दुसरी म्हणजे रक्तवाहिन्या, मज्जातंतू किंवा संप्रेरके यांच्यातला बिघाड. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. मात्र त्यांची सुरुवात, त्यांचे वागणे आणि त्यांवरचे उपाय वेगळे असतात, म्हणून औषधाच्या दुकानात जाण्याआधी हा फरक समजून घेणे गरजेचे आहे.

ताठरता इच्छाशक्तीने आणता येत नाही. शरीर निर्धास्त असताना लिंगातील मज्जातंतूंमधून आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटते, त्यामुळे आतले स्नायू सैल पडतात, रक्त आत भरते आणि फुगलेल्या उतींच्या दाबाखाली शिरा मिटल्यामुळे ते तिथेच टिकून राहते. भीती वाटली की याच्या नेमके उलट घडते. अॅड्रिनलिन आणि नॉरअॅड्रिनलिन वाढतात, तेच स्नायू आवळले जातात आणि आलेले रक्त परत फिरते. संकट समोर असताना पळता यावे किंवा झुंजता यावे म्हणून शरीराने केलेली ही सोय आहे, आणि परीक्षेला बसल्यासारखा जवळिकीला सामोरा जाणारा माणूस स्वतःच ती सुरू करतो. विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन या अमेरिकी संशोधकांनी 1970 मध्ये या अवस्थेचे नेमके वर्णन केले होते. असा माणूस जोडीदाराजवळ असूनही मनाने बाजूला उभा राहून स्वतःवर पहारा करीत असतो. ताठरता आली का, टिकली का, तिच्या लक्षात आले का, याच तपासणीत स्पर्शाकडचे लक्ष उडते आणि उत्तेजना विझते.

घटस्फोटित माणसाच्या बाबतीत ही धास्ती विशेष तीव्र असते आणि त्याला कारणेही आहेत. पहिल्या संसारात वर्षानुवर्षे एकाच व्यक्तीच्या शरीराची आणि सवयींची ओळख झालेली असते. नव्या व्यक्तीला काय आवडते, काय नको वाटते, हे त्याला ठाऊक नसते. त्यातच पहिल्या लग्नाच्या अखेरच्या काळात बोलली गेलेली वाक्ये मनात घर करून असतात. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 12 नुसार नपुंसकत्वामुळे शरीरसंबंध न होणे हे विवाह रद्द करण्याचे एक कारण ठरू शकते, त्यामुळे कोर्टकज्जाच्या भरात तसा आरोप अर्जात लिहिला गेला असेल, तर खोटा असूनही तो माणूस विसरत नाही. आपल्या मराठवाड्यात याला आणखी एक पदर आहे. बिजवराच्या सोयरिकीत दोन्हीकडचे पाहुणे लक्ष घालतात, घरात आईवडील आणि पहिली मुले असतात, शेजारच्या खोलीत कोणीतरी जागे असते, आणि ‘यावेळी तरी नीट होऊ दे’ हे वाक्य इतक्या जणांनी म्हटलेले असते की त्याचे ओझे शेजघरापर्यंत जाते.

शारीरिक बिघाडाची चाल मात्र निराळी असते. मधुमेह, उच्च रक्तदाब, वाढलेले कोलेस्टेरॉल आणि तंबाखू यांमुळे रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर हळूहळू खराब होते. लिंगाकडे जाणाऱ्या धमन्यांचा व्यास साधारण 1 ते 2 मिलिमीटर, तर हृदयाच्या धमन्यांचा 3 ते 4 मिलिमीटर असतो. म्हणून तोच बिघाड आधी लहान वाहिन्यांत जाणवतो आणि छातीतल्या दुखण्याची वेळ काही वर्षांनी येऊ शकते. अशा माणसाची ताठरता एका रात्रीत जात नाही. ती महिन्यामहिन्याने कमी होते आणि जोडीदार कोणीही असो, एकटे असताना असो वा पहाटे झोपेत, सगळीकडे सारखीच कमी होते.

फरक ओळखण्याची सगळ्यात उपयोगी खूण इथेच आहे. निरोगी पुरुषाला रात्रीच्या स्वप्नांच्या झोपेत साधारण तीन ते पाच वेळा आपोआप ताठरता येते आणि जाग येताना तिच्यापैकी शेवटची अनेकदा जाणवते. झोपेत पहारा करणारे मन नसते, त्यामुळे सकाळची भक्कम ताठरता रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू ठीक असल्याची ग्वाही देते. हस्तमैथुनाच्या वेळी अडचण नसणे हीही तशीच खूण. मात्र तिला मर्यादा आहेत. झोप अपुरी असेल, नैराश्य असेल किंवा टेस्टोस्टेरॉन कमी असेल, तर सकाळची ताठरता कमी जाणवू शकते, आणि केवळ ती जाणवली नाही म्हणून रक्तवाहिन्या बिघडल्या असे म्हणता येत नाही.

हे सगळे एका काल्पनिक पण नेहमी आढळणाऱ्या उदाहरणात पाहू. लातूरच्या आडत बाजारात काम करणारा 44 वर्षांचा एक गृहस्थ, घटस्फोटाला चार वर्षे झालेली. नांदेडच्या एका घटस्फोटित शिक्षिकेशी त्याने नोंदणी पद्धतीने लग्न केले. पहिल्या रात्री जवळीक सुरू होताना ताठरता होती, कंडोम लावण्यासाठी थांबल्यावर ती गेली आणि परत आली नाही. दुसऱ्या वेळी तो दुपारपासूनच त्याच विचारात होता आणि त्या रात्री सुरुवातच झाली नाही. त्यानंतर तो उशिरापर्यंत हिशेबाच्या वह्या घेऊन बसू लागला. बायको म्हणाली, “अहो, माझं काही चुकतंय का? तसं असेल तर सांगा, पण असं तोंड फिरवून झोपू नका.” आपण टाळाटाळ केल्याने तिला नकार जाणवतो आहे, हे त्याला तेव्हा कळले. माझ्या मते या अडचणीत नात्याचे सगळ्यात मोठे नुकसान ताठरता जाण्याने होत नाही, या गप्प राहण्याने होते.

डॉक्टरांनी विचारलेले प्रश्न साधे होते. त्रास अचानक सुरू झाला की हळूहळू? सकाळी काय स्थिती असते? एकटे असताना? कोणती औषधे चालू आहेत, तंबाखू किती, दारू किती? त्रास अचानक सुरू झाला होता, सकाळची ताठरता होती, एकटे असताना काही अडचण नव्हती. इथपर्यंत सगळे धास्तीकडे बोट दाखवत होते. तरीही रक्तदाब 146/92 भरला आणि तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारे एचबीए1सी 6.1 टक्के आले. 5.7 ते 6.4 ही मधुमेहपूर्व अवस्था मानली जाते आणि 6.5 पासून मधुमेह धरतात. दिवसाकाठी तंबाखूच्या चार-पाच चिमट्या होत्याच. म्हणजे त्या रात्रीचे कारण धास्ती होती, पण शरीराकडूनही सूचना मिळत होती. चाळिशीनंतर बहुतेकांत चित्र असेच मिश्र असते: शरीरात थोडी उणीव असते आणि ती एकदा जाणवली की तिच्यावर भीतीचे इमले चढतात. म्हणून धास्तीची खूण सापडली तरी रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, लिपिड प्रोफाइल आणि, इच्छाच कमी झाली असल्यास, सकाळच्या वेळी घेतलेले टेस्टोस्टेरॉन एवढ्या तपासण्या टाळू नयेत.

उपायांत या दोघांना आधी सांगितले गेले की तीन आठवडे संभोग करायचाच नाही. पहिल्या आठवड्यात स्तन आणि जननेंद्रिये वगळून आळीपाळीने पंधरा-वीस मिनिटे स्पर्श, आणि कोणता स्पर्श बरा वाटतो हे बोलून सांगणे. दुसऱ्या आठवड्यात तो स्पर्श सर्वांगाला, पण ताठरता आली तरी पुढे जायचे नाही. तिसऱ्या आठवड्यात ती जाऊ द्यायची आणि पुन्हा येते का ते घाई न करता पाहायचे. बंदी असल्यामुळे परीक्षाच उरत नाही, आणि गेलेली ताठरता परत येते हे शरीराने एकदा अनुभवले की भीतीचा आधार निघून जातो. त्यांच्याबाबतीत दुसऱ्याच आठवड्यात ताठरता येऊ लागली. ठरल्याप्रमाणे ते थांबले, आणि बायकोने पहिल्यांदा सांगितले की तिलाही धाकधूक होती. स्त्रीच्या बाजूची ही धास्ती क्वचितच विचारात घेतली जाते. तिच्यात ती कोरडेपणा किंवा वेदना होऊन दिसते आणि पुरुष तिलाही स्वतःचे अपयश समजतो.

सिल्डेनाफिलसारखी गोळी अशा वेळी काही दिवसांचा आधार म्हणून डॉक्टर देऊ शकतात. साधारणपणे 50 मिलिग्रॅमपासून सुरुवात होते, ती सुमारे तासभर आधी घ्यायची असते, तुपातेलाच्या जेवणानंतर घेतल्यास परिणाम उशिरा होतो, आणि उत्तेजना नसेल तर ती काहीच करीत नाही. हीच गोष्ट लोकांना ठाऊक नसते: धास्तीत घेतलेली गोळी लागू पडली नाही की ‘आता गोळीनेही होत नाही’ ही नवी धास्ती तयार होते. हृदयविकारासाठी नायट्रेटवर्गातील औषध, उदाहरणार्थ जिभेखाली ठेवायची गोळी, घेणाऱ्याने सिल्डेनाफिल अजिबात घेऊ नये. रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळतो. एसटी स्थानकाजवळच्या भिंतींवर जाहिरात असलेल्या चूर्णांतही काही वेळा हेच औषध नाव न सांगता मिसळलेले आढळते, त्यामुळे हा धोका तिथेही असतो. धीर यावा म्हणून घेतलेली दारू तर ताठरता आणखी ढिली करते.

कोणाकडे जावे, हे आता सांगता येईल. त्रास अचानक आला आणि सकाळची ताठरता शाबूत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा लैंगिक समुपदेशन करणारे डॉक्टर. हळूहळू आणि सर्वत्र कमी होत गेली असेल, तर आधी फिजिशियन किंवा मूत्ररोगतज्ज्ञ. छत्रपती संभाजीनगरची घाटी, लातूर, नांदेड आणि अंबाजोगाई येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही मानसोपचाराची तपासणी होते. नैराश्याची काही औषधे आणि अॅटेनोलॉलसारखी रक्तदाबाची औषधे हाच त्रास निर्माण करू शकतात, म्हणून चालू गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत, मात्र त्या स्वतःहून बंद करू नयेत. चालताना किंवा जिना चढताना छातीत दाटून येत असेल, तर शेजघराचा प्रश्न बाजूला ठेवून त्याच दिवशी हृदयाची तपासणी करून घ्यावी.