चित्रकला कच्ची? जिना मांडून पाहा

“माझी चित्रकला कच्ची आहे, मग मी आर्किटेक्ट कसा होणार?”

होता येतं. आर्किटेक्टचं रेखाटन म्हणजे मापांचा हिशेब. सुंदर चित्र हा वरचा साज.

जिनाच घ्या. दोन मजल्यांतलं अंतर 3 मीटर. एका पायरीची उंची 15 सेंमी धरली, तर 20 चढ. मध्ये वळायला सपाट चौक ठेवून दोन भाग केले की प्रत्येकी 10 चढ, पण पाय ठेवायच्या पायऱ्या 9च, कारण दहावा चढ चौकावर किंवा मजल्यावर नेतो. पायरी 30 सेंमी रुंद, म्हणजे 9 पायऱ्यांचे 2.7 मीटर, 1 मीटरचा चौक धरून लांबी 3.7 मीटर.

नवखे इथे फरशीची जाडी विसरतात. दोन्ही मजल्यांच्या जमिनीवर 5 सेंमी थर आला आणि पायऱ्यांवर 2च, तर पहिला चढ 12 सेंमी उरतो आणि शेवटचा 18 होतो. डोळ्यांना कळत नाही, पाय मात्र अडखळतो.

म्हणून आतापासून टेप घेऊन जिने, दारं मोजा आणि प्रमाणात आखा. पुढे बहुतेक देशांत मान्यताप्राप्त पदवी, अनुभवी आर्किटेक्टच्या हाताखाली काम आणि नोंदणी, एवढं झाल्यावरच ‘आर्किटेक्ट’ म्हणवून घेता येतं.