काळं फासलं म्हणजे पुसलं नाही

माझा पुतण्या सौदीत वेल्डर आहे. गेल्या महिन्यात त्याच्या फोनवरचं एक अ‍ॅप अचानक अरबीत उघडलं. याने पडद्याचा स्क्रीनशॉट काढला आणि आमच्या गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला: "कोणी भाषांतर करून सांगा, कुठलं बटण दाबू?" ग्रुपात दाभोळपासून दोह्यापर्यंतचे दीडशे लोक. इकाम्याचा, म्हणजे तिथे राहण्याच्या परवान्याचा नंबर त्याने काळ्या पेनाने झाकला होता. मी ते चित्र गॅलरीत उघडलं, उजेडाची पट्टी शेवटपर्यंत सरकवली, सेव्ह केलं, पुन्हा सरकवली. दोनाने सुरू होणारे दहाच्या दहा आकडे समोर.

"काका, मी तर काळं केलं होतं!"

केलं होतं, पण हायलायटरने. वहीतल्या ओळीवर हायलायटर फिरवला तर खालची अक्षरं दिसत राहतात, तसंच फोनचा हायलायटर मुद्दाम थोडा पारदर्शक ठेवलेला असतो. काळा रंग निवडला की ते डोळ्यांना कळत नाही, इतकंच.

आता थोडं गणित, कारण खरी गंमत तिथेच आहे. चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याचा उजेड फोन ० ते २५५ अशा आकड्यात लिहून ठेवतो. पांढरा कागद २५५, काळं अक्षर ०. समजा पेन नव्वद टक्के अपारदर्शक आहे. त्याचा एक हात फिरला की खालच्या रंगाचा दहावा हिस्सा उरतो. कागद २५५ वरून साधारण २६ वर येतो, अक्षर मात्र शून्याचं शून्यच राहतं. अंगणातल्या उन्हात फोन धरला तर २६ आणि ० दोन्ही काळेच. पण फाईलमध्ये फरक शाबूत आहे. सगळे आकडे दहापट केले की कागद पुन्हा पांढरा आणि अक्षर शून्यावरच.

बरं, दुसरा हात मारला तर? २६ चे ३ होतात. तरीही ३ आणि ० वेगळेच. तिसऱ्या हाताला ०.३ येतं, पूर्णांकात त्याचं शून्य होतं, आणि आता मात्र माहिती खरोखर गेली. पण बोट एकसारखं फिरत नाही. कडेला, कोपऱ्यात एकच थर बसतो आणि तिथून आकड्याचा पाय नाहीतर डोकं डोकावतं. म्हणून हायलायटरने झाकूच नये. पूर्ण भरीव चौकोन ठेवावा, किंवा तो भाग कापूनच टाकावा.

हे झालं झाकलेल्याचं. न झाकलेल्याचं दुखणं मोठं. पुतण्याने नंबर ओळखला, कारण तो आपल्या ओळखीच्या इंग्रजी आकड्यांत होता. खालची ओळ अरबी आकड्यांत होती. त्यात गोल रिंगण म्हणजे पाच आणि नुसता ठिपका म्हणजे शून्य. आपल्याला रिंगण दिसलं की शून्य वाटतं. त्याला ती नक्षी वाटली. शेजारच्या चाचांनी, ज्यांना कुराण वाचून लिपी येते, ती माझ्या फोनवर वाचली: "तारीख अल्-मीलाद." जन्मतारीख! 'तारीख' आपलाच शब्द, 'मीलाद' ईदमुळे माहीत, फक्त लिपी आडवी आली. आणि वर 'रक्म' लिहिलं होतं, म्हणजे नंबर. आपली 'रक्कम' याच शब्दावरून आली, पण इथे त्याचा अर्थ पैसे नव्हे. गोम अशी की काय झाकायचं ते कळायला आधी वाचता यावं लागतं, आणि वाचता येत नाही म्हणून तर स्क्रीनशॉट पाठवला.

मग थेट भाषांतराच्या अ‍ॅपला चित्र द्यावं? ते चित्र बऱ्याचदा कंपनीच्या संगणकावर जातं, तिथे अक्षरं ओळखली जातात. व्हॉट्सअ‍ॅपच्या कुलपावर लोकांचा फार विश्वास. पण कुलूप वाटेपुरतं, पलीकडच्या दीडशे फोनांना नाही. ("माझे फोटो वापरायची मी परवानगी देत नाही" असा मेसेज फॉरवर्ड करणं हा तर निव्वळ ताईत.) २०१७ साली नॉर्वेच्या एनआरके वाहिनीने दाखवलं की एका मोफत भाषांतर संकेतस्थळावर लोकांनी टाकलेला मजकूर, त्यात नोकरीतून काढल्याची पत्रं आणि पासवर्डसुद्धा, गूगलच्या शोधात सापडत होता. कोणी चोरी केली नव्हती. पानंच उघडी होती.

पुतण्याला मी सांगितलं ते असं. अ‍ॅपमध्ये अरबीचा ऑफलाइन संच आधी उतरवून घे. मग विमान मोड लाव आणि चित्र दे. तरीही भाषांतर आलं तर ते काम फोनमध्येच होतंय. (विमान मोड काढल्यावर अ‍ॅप मागाहून काही पाठवतं का, हे या चाचणीतून कळत नाही.) ऑफलाइन भाषांतर ओबडधोबड असतं, पण बटणावरच्या दोन शब्दांना पुरतं. आणि चित्र काढायचंच तर फॉर्म भरायच्या आधी काढ. कोऱ्या फॉर्मची बटणं तीच असतात.

त्याने तसं केलं. ज्या बटणावर त्याचं बोट तीन दिवस अडकलं होतं त्याचा अर्थ निघाला 'पुढे'. ग्रुपवरचं चित्र मात्र त्याने 'सर्वांसाठी डिलीट' करेपर्यंत मुदत उलटून गेली होती.