जेटच्या भोकात सुई घालू नका

दूध उतू गेलं की ते बर्नरवर जळून घट्ट थर धरतं. नंतर ज्योत बिघडली, तर आधी ती नीट पाहावी. ज्योत एका बाजूला तुटक असेल, तर टोपीची भोकं बुजली आहेत. कॉक पूर्ण उघडूनही ज्योत सगळीकडून सारखीच मंद असेल आणि दुसरा बर्नर मात्र नीट पेटत असेल, तर दोष बहुधा जेटमध्ये, म्हणजे नोझलमध्ये असतो.

खोलण्याआधी चांगला बर्नर पेटता ठेवून रेग्युलेटर बंद करा. नळीतला उरलेला गॅस जळून ज्योत आपोआप विझेल. मग कॉक बंद करा, रेग्युलेटर काढून सिलिंडरला टोपण लावा आणि शेगडी पूर्ण गार होऊ द्या.

पितळी टोपी नुसती बसवलेली असते. ती हलत नसेल तर साबणाच्या कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं अर्धा तास गुंडाळून ठेवा, कडेला लाकडी उलथन्याने हलके ठोके द्या आणि टोपी डावी-उजवीकडे फिरवत उचला. स्क्रूड्रायव्हर खुपसून उचकटू नये. कड वाकली की टोपी नीट टेकत नाही आणि ज्योत खालच्या फटीतून बाहेर येते.

जेट शेगडीच्या खालच्या बाजूला, कॉकच्या तोंडावर असतं. शेगडी उलटी करा, गॅस आणि हवा जिच्यात मिसळतात त्या मिक्सिंग ट्यूबचा स्क्रू काढून ती बाजूला सरकवा. जेट बरोबर मापाच्या पान्याने सोडवा आणि कॉक दुसऱ्या हाताने घट्ट धरा, नाहीतर कॉकच पिळला जातो.

खरी काळजी इथे घ्यायची. जेटचं भोक एक मिलिमीटरहूनही बारीक असतं आणि पितळ मऊ. समजा, ०.७ मिलिमीटरचं भोक पोलादी सुईने ०.८ झालं. व्यास थोडाच वाढला, पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं, म्हणून गॅस सुमारे ३० टक्के जास्त येतो. हवा त्या प्रमाणात ओढली जात नाही. ज्योत पिवळी पडते, भांडी काळी होतात आणि ही चूक दुरुस्त होत नाही, जेट बदलावंच लागतं. त्याऐवजी जेट गरम साबणपाण्यात भिजवा आणि मऊ वायरमधला तांब्याचा एकच धागा आतून बाहेर ढकला. बाहेरून ढकललं तर मळ आतच अडकतो. उजेडासमोर धरल्यावर भोक गोल आणि स्वच्छ दिसलं पाहिजे.

लहान आणि मोठ्या बर्नरची जेट वेगळ्या मापाची असतात, त्यांची अदलाबदल करू नका. सगळं पूर्ण कोरडं झाल्यावर जेट आधी हाताने फिरवून बसवा, शेवटी पान्याने बेताचाच ताण द्या. मग रेग्युलेटर जोडून चालू करा आणि कॉक बंद ठेवून नळीच्या दोन्ही टोकांना साबणाचा फेस लावा. बुडबुडे दिसले किंवा वास आला तर रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, विजेचं कोणतंही बटण दाबू नका आणि घराबाहेर जाऊन १९०६ वर फोन करा.