कोळंबी ‘पॉझिटिव्ह’ येणं आणि कोळंबीची ॲलर्जी असणं

कोळंबी खाल्ल्यावर वीस मिनिटांत अंगावर गांधी उठणं, ओठ सुजणं, घसा आवळल्यासारखा होणं ही झाली कोळंबीची ॲलर्जी. ज्यांनी ती भोगली आहे किंवा घरात पाहिली आहे, त्यांना तिच्याबद्दल मी नवीन काही सांगणार नाही. माझी तक्रार दुसऱ्याच गोष्टीबद्दल आहे. रक्ताच्या रिपोर्टवर कोळंबीपुढे ‘पॉझिटिव्ह’ छापून आलं की लोक तिलाही ॲलर्जीच म्हणतात, आणि एकदा तसं म्हटलं की माणूस आयुष्यभर कोळंबी, खेकडा, शेवंड सगळंच सोडून बसतो. कित्येकदा यात कोळंबीचा काही दोष नसतो. दोष उशीतल्या माइटचा असतो.

हा घोळ ट्रोपोमायोसिन नावाच्या प्रथिनामुळे होतो. स्नायू आकुंचन पावताना त्यावर नियंत्रण ठेवणाऱ्या प्रथिनांपैकी ते एक. दोरीचे दोन पेड एकमेकांभोवती पिळावेत तशी त्याची रचना, आणि प्रत्येक पेडात २८४ अमिनो आम्लं. ही दोरी उकळल्याने बिघडत नाही. कोळंबी शिजवली की ते पाण्यात उतरतं आणि वाफेबरोबर हवेतही जातं. म्हणून ‘नीट शिजवली की त्रास होत नाही’ हा सल्ला मला अगदी डोक्यात जातो. ॲलर्जी खरी असेल, तर कोळंबी उकळणाऱ्या पातेल्याशेजारी उभं राहूनही खोकला सुरू होऊ शकतो.

कोळंबी, खेकडा आणि शेवंड ही जवळची भावंडं. त्यांच्या ट्रोपोमायोसिनमधल्या दहापैकी नऊहून अधिक अमिनो आम्लं सारखीच असतात. कोळंबीसाठी तयार झालेल्या आयजीई प्रतिपिंडांना, म्हणजे ॲलर्जी घडवणाऱ्या आणि रक्ताच्या रिपोर्टवर मोजल्या जाणाऱ्या प्रथिनांना, खेकडा वेगळा ओळखूच येत नाही, त्यामुळे खऱ्या रुग्णाने खेकडा ‘थोडासा चाखून’ बघू नये. तिसऱ्या, कालवं आणि माकुळ नात्याने दूरचे. तिथे साम्य सहा-दशांशाच्या आसपास उतरतं, म्हणून काहींना ते चालतात, काहींना नाही. कोंबडी-बकऱ्याचं ट्रोपोमायोसिन आपल्या स्वतःच्या स्नायूंतल्याशी इतकं जुळतं की शरीर त्याच्याकडे शत्रू म्हणून बघत नाही. माशांच्या ॲलर्जीचं मुख्य कारण पार्व्हाल्ब्युमिन हे वेगळंच प्रथिन आहे, तिचा इथे संबंध नाही. आयोडीनचा तर अजिबातच नाही.

आता माइट. आधी एक कुरकुर: डस्ट माइट म्हणजे ‘धूळ’ नव्हे. तो आठ पायांचा, डोळ्यांना न दिसणारा, कोळ्याच्या कुळातला जिवंत प्राणी आहे. गादी-उशीत राहतो आणि आपल्या त्वचेचे गळालेले कण खातो. त्यालाही स्नायू आहेत, म्हणजे ट्रोपोमायोसिनही आहे, आणि ते कोळंबीच्या ट्रोपोमायोसिनशी साधारण ८० टक्के जुळतं. प्रयोगशाळेच्या भाषेत माइटमधल्याला डेर पी १० आणि कोळंबीतल्याला पेन ए १ म्हणतात. माइटची ॲलर्जी असलेल्या बहुतेकांची प्रतिपिंडं माइटच्या इतर प्रथिनांविरुद्ध असतात. डेर पी १० विरुद्ध ती थोड्याच जणांत सापडतात, पण ज्यांच्यात सापडतात त्यांचा कोळंबीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह येऊ शकतो.

‘कोळंबीची ॲलर्जी पुढे धुळीपर्यंत पसरते’ असं वाक्य वाचलं की म्हणूनच माझा संताप होतो. बाण बहुधा उलटा असतो. माइटचे कण रोज रात्री नाकातून आत जातात, प्रतिपिंडं त्यांच्यामुळे आधी तयार होतात, आणि मग तीच प्रतिपिंडं चाचणीत कोळंबीलाही चिकटतात. याचा सुरेख पुरावा २००३ साली प्रसिद्ध झाला. धर्मनियमांमुळे कवचधारी जलचर कधीच न खाल्लेल्या कर्मठ ज्यूंपैकी माइटची ॲलर्जी असलेल्यांचं रक्त तपासलं, तेव्हा काहींच्या रक्तात कोळंबीच्या ट्रोपोमायोसिनविरुद्ध आयजीई सापडलं. कोळंबी पोटात गेलेलीच नव्हती.

प्रतिपिंडं मुळात कुणाविरुद्ध आहेत, हे तपासायची एक युक्ती आहे. रक्तद्रवात आधी माइटचा अर्क मिसळायचा आणि मग कोळंबीची चाचणी करायची. प्रतिपिंडं माइटचीच असतील तर ती अर्कातच अडकून पडतात आणि कोळंबीचा आकडा कोसळतो. नेहमीच्या रिपोर्टसाठी मात्र कुणी एवढं करत बसत नाही.

दोन रिपोर्ट शेजारी ठेवून बघू. माझ्या मावसबहिणीला सकाळी उठल्याउठल्या शिंकांचा त्रास. ‘सगळ्याची’ चाचणी केली, त्यात माइट ४२ आणि कोळंबी २.१ आली. ०.३५ च्या वर पॉझिटिव्ह, म्हणून कोळंबीपुढे फुली पडली. त्याआधी ती वर्षानुवर्षं कोळंबी खात होती आणि तिला कधी साधी खाजही सुटली नव्हती. दुसरा रिपोर्ट ओळखीतल्या एका गृहस्थांचा: कोळंबी १.९, माइट ०.३५ च्या खाली. दोनदा कोळंबी खाल्ली, दोन्ही वेळा अर्ध्या तासात गांधी उठल्या, दुसऱ्यांदा श्वासही अडकला. आकडा बहिणीचा मोठा, ॲलर्जी मात्र गृहस्थांना. तो आकडा रक्तातली प्रतिपिंडं मोजतो. कोळंबी खाल्ल्यावर काय होईल आणि किती जोरात होईल, हे तो सांगत नाही.

‘मग पेन ए १ ची वेगळी चाचणी करा’ असा शहाणपणा लगेच सुचवला जातो. इथेच जाणकारही फसतात. पेन ए १ म्हणजे ट्रोपोमायोसिन, हेच तर कोळंबी आणि माइट या दोघांतलं सामाईक प्रथिन आहे, त्यामुळे ती चाचणी माइटमुळेही पॉझिटिव्ह येते. निगेटिव्ह आली तरी निर्धास्त होता येत नाही, कारण कोळंबीत आर्जिनिन कायनेजसारखी त्रास देणारी इतर प्रथिनंही असतात. निवाडा करायचा तो खाल्ल्यावर काय झालं यावरून. त्रास होऊन गेला असेल तर घरी प्रयोग करायचा नाही. असे रुग्ण ॲड्रेनलिनचं इंजेक्शन जवळ ठेवावं का, हे डॉक्टरांना विचारतात. कोळंबी बिनत्रास खात असाल तर केवळ आकड्यासाठी ती सोडू नका. कधी खाल्लीच नसेल किंवा मध्ये बरीच वर्षं गेली असतील, तर दवाखान्यात देखरेखीखाली खाऊन बघायची चाचणी असते.

बहिणीने तीच चाचणी केली. तीन वर्षांच्या खंडानंतर सुरुवातीला नखाएवढा तुकडा, मग दर अर्ध्या तासाने थोडा मोठा, शेवटी एक वाटी. प्रत्येक वेळी नर्स रक्तदाब आणि त्वचा बघून जात होती. काहीही झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने नेहमीसारख्या बारा शिंका दिल्या, आणि आम्ही उशीला माइटरोधक खोळ घालायला घेतली.